तिसरा किलोवॅट परवडतो का?

छतावर सोलर बसवायचं ठरलं की एजन्सीचा माणूस येतो, गच्चीवर टेप लावतो, बिलावर नजर टाकतो आणि सांगतो, "साहेब, तीन किलोवॅट टाका, अडीच वर्षांत पैसे वसूल." आकडा खोटा असतोच असं नाही. पण तो कसा काढला, हे विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर एका ओळीचं असतं: किमतीतून अनुदान वजा केलं, आणि उरलेल्या रकमेला वर्षाच्या बचतीनं भागलं. गणित बरोबर आहे. गडबड असते ती 'वर्षाची बचत' या आकड्यात. ती नीट काढली, तर किती वर्षांत पैसे सुटतील हे कळतंच, शिवाय त्याहून उपयोगाचं एक उत्तर मिळतं: आपल्या घराला किती किलोवॅट हवेत.

आधी सोपी बाजू, म्हणजे अनुदान. 'पीएम सूर्यघर' ही केंद्राची योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार रुपये मिळतात, तिसऱ्याला 18 हजार, आणि त्यापुढे काही नाही. म्हणजे एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा तीनपेक्षा कितीही जास्त घेतले तरी 78 हजार. ही रक्कम ठरलेली आहे, टक्केवारीत नाही. एजन्सीनं किंमत वाढवली तर अनुदान वाढत नाही, ती वाढ सगळी तुमच्या खिशातून जाते. म्हणून 'अनुदान वजा जाता अमुक रुपये' अशी एकच रक्कम लिहिलेलं कोटेशन घेऊ नका. पूर्ण किंमत वेगळी लिहून घ्या आणि निदान तीन एजन्सींच्या किमती शेजारी ठेवून बघा. सौर पॅनेलवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर ते बाजूला ठेवून नवं मागवा.

आता बचत. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचा दर एकच नसतो. पहिल्या 100 युनिटांचा दर वेगळा, 101 ते 300 पर्यंतचा वेगळा, 301 ते 500 चा त्याहून जास्त. तुमच्या बिलाच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला हे टप्पे छापलेले असतात. त्या दरात वहन आकार मिळवायचा, आणि मग सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क लावायचं. तेव्हा कुठे एका युनिटची खरी किंमत कळते. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात, त्यामुळे आकडे तुमच्या ताज्या बिलावरचेच घ्या. इथे उदाहरणापुरते गोल आकडे धरू: सगळं मिळून पहिल्या टप्प्यात युनिटला 7 रुपये, दुसऱ्यात 13, तिसऱ्यात 17.

सोलर बसवल्यावर बिलातून कुठली युनिटं कमी होतात? वरची. महिन्याला 400 युनिटं वापरणाऱ्या घरात सोलरनं 130 युनिटं दिली, तर आधी 17 रुपयांची 100 युनिटं जातात आणि मग 13 रुपयांची 30. पुढचा किलोवॅट टाकला की तो खालच्या, स्वस्त टप्प्यात शिरतो. म्हणजे पहिला किलोवॅट सर्वांत महाग वीज वाचवतो, दुसरा त्याहून स्वस्त, तिसरा आणखी स्वस्त. एजन्सीवाले मात्र वर्षाचं बिल भागिले वर्षाची युनिटं असा सरासरी दर काढतात आणि सोलरच्या प्रत्येक युनिटाला तोच लावतात. छोट्या संचाला तो दर कमी पडतो, मोठ्या संचाला जास्त. साहजिकच कोटेशन मोठ्या संचाचं असतं.

नाशिकमधलं एक बैठं घर धरू. चार माणसं, सिंगल फेज कनेक्शन, एसी एक. मार्च ते जून महिन्याला 400 युनिटं, जुलै ते ऑक्टोबर 280, नोव्हेंबर ते फेब्रुवारी 220. वर्षाची 3,600 युनिटं झाली. वरच्या दरानं उन्हाळ्याचं बिल महिन्याला 5,000 रुपये, पावसाळ्याचं 3,040, हिवाळ्याचं 2,260. वर्षाचे 41,200 रुपये. यात स्थिर आकार मुद्दाम धरलेला नाही. सोलर बसवलं तरी तो भरावाच लागतो, त्यामुळे तो बचतीत येत नाही. 'शून्य बिल' म्हणून जाहिरातीत जे दाखवतात तेही प्रत्यक्षात दीडेकशे रुपयांचं असतं.

एका किलोवॅटचे पॅनेल किती वीज देतात? 'दिवसाला चार युनिटं' हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर. त्या हिशेबानं वर्षाला 1,460 युनिटं होतात. पावसाळा, धूळ, दुपारची तापलेली पॅनेल आणि अधूनमधून जाणारी लाइट धरली तर जरा हात आखडता घेतलेला बरा. आपण उन्हाळ्यात महिन्याला 130, पावसाळ्यात 90 आणि हिवाळ्यात 120 धरू, म्हणजे वर्षाला 1,360. कोकणात पावसाळ्याचा आकडा याहून खाली जाईल.

एक किलोवॅट बसवला तर उन्हाळ्यात 400 पैकी 270 युनिटांचंच बिल येतं. पाच हजारांऐवजी 2,910 रुपये, म्हणजे महिन्याला 2,090 रुपये वाचले. पावसाळ्यात 1,170 आणि हिवाळ्यात 1,560 रुपये वाचतात. तिन्ही मोसमांचे चार-चार महिने धरून वर्षाला 19,280 रुपये.

दोन किलोवॅट बसवले तर उन्हाळ्यात महिन्याला 3,780 आणि पावसाळ्यात 2,340 रुपये वाचतात. हिवाळ्यात गंमत होते. घराला 220 युनिटं लागतात आणि सोलर 240 देतं. वरची 20 युनिटं ग्रिडमध्ये जातात. नेट मीटर ती मोजतो आणि महावितरण ती पुढच्या महिन्यासाठी तुमच्या खात्यात जमा ठेवतं. फेब्रुवारीअखेर अशी 80 युनिटं साठतात आणि मार्चच्या वाढलेल्या बिलातून वजा होतात. त्यांचे 800 रुपये धरून वर्षाची बचत 34,320 होते. म्हणजे दुसऱ्या किलोवॅटनं 15,040 रुपयांची भर घातली. पहिल्यापेक्षा कमी, पण बऱ्यापैकी.

तीन किलोवॅट बसवले की उन्हाळ्यात 400 मधली 390 आणि पावसाळ्यात 280 मधली 270 युनिटं घरचीच. बिलात दहा-दहा युनिटं उरतात. हिवाळ्यात मात्र दर महिन्याला 140 युनिटं जास्तीची तयार होतात, चार महिन्यांत 560. मार्चमध्ये त्यातली फक्त दहा लागतात आणि 31 मार्चला खातं बंद होतं. नेट मीटरिंगच्या हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च असं असतं, आणि उरलेली युनिटं पुढच्या वर्षात जात नाहीत. महावितरण ती अगदी कमी दरानं विकत घेतं. तो दर 3 रुपये धरला तर 550 युनिटांचे 1,650 रुपये. सगळं मिळून वर्षाची बचत 42,360 रुपये. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटनं फक्त 8,040 रुपये वाढवले.

आता किंमत बघू. एका किलोवॅटचे 75 हजार, दोनचे 1 लाख 35 हजार, तीनचे 1 लाख 95 हजार असं धरू. छोट्या संचात इन्व्हर्टर, वायरिंग, अर्थिंग आणि मजुरी हा खर्च थोड्याच पॅनेलवर पडतो म्हणून पहिला किलोवॅट महाग असतो. अनुदान वजा जाता एका किलोवॅटचे 45 हजार, दोनचे 75 हजार आणि तीनचे 1 लाख 17 हजार रुपये तुमच्या खिशातून जातात.

भागाकार केला तर एक किलोवॅटचे पैसे सुमारे दोन वर्षं चार महिन्यांत वसूल होतात, दोनचे दोन वर्षं दोन महिन्यांत, आणि तीनचे दोन वर्षं नऊ महिन्यांत. एजन्सीच्या पद्धतीनं, म्हणजे दिवसाला चार युनिटं आणि सरासरी 11 रुपये 44 पैसे दर धरून, तीन किलोवॅटचं उत्तर दोन वर्षं चार महिने येतं. फरक पाचच महिन्यांचा, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही.

पण प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारून बघा. दोनवरून तीनवर जाताना तुम्ही 42 हजार रुपये जास्त घालता आणि वर्षाला 8,040 रुपये जास्त मिळवता. त्या 42 हजारांची वसुली पाच वर्षं आणि वर तीन महिन्यांनी होते. दुसऱ्या किलोवॅटसाठी 30 हजार घातले आणि ते दोन वर्षांत सुटले होते. एकत्र हिशेबात तिसरा किलोवॅट पहिल्या दोघांच्या जिवावर पास होतो.

म्हणून तिसरा घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. पॅनेलच्या क्षमतेची हमी साधारण 25 वर्षांची असते, त्यामुळे सव्वापाच वर्षांत सुटणारे पैसेही वाईट नाहीत. घरात पुढच्या वर्षी दुसरा एसी, इंडक्शन शेगडी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल, तर हिवाळ्यातली वाया जाणारी युनिटं घरातच खपतील आणि तिसऱ्याचा हिशेबही सुधारेल. पण मुलगा शिकायला पुण्याला चाललाय आणि वापर कमीच होणार आहे, अशा घरात दोन किलोवॅट पुरेत. चौथ्या किलोवॅटला तर अनुदानही नाही. वरच्या घरात त्याची जवळजवळ सगळी वीज तीन रुपयांनी विकावी लागेल आणि वर्षाला जेमतेम चार हजार रुपये येतील.

महिन्याला 90 युनिटं वापरणाऱ्या घराचा हिशेब बघितला की टप्प्यांचा परिणाम आणखी उघड होतो. तिथे वाचणारं प्रत्येक युनिट सात रुपयांचंच आहे. एका किलोवॅटनं वर्षाला सुमारे 7,560 रुपये वाचतात, आणि उरलेल्या 280 युनिटांचे 840 रुपये मिळतात. एकूण 8,400. खिशातले 45 हजार वसूल व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. संच तोच, किंमत तीच, अनुदान तेच. पण मोठ्या बिलाच्या घरापेक्षा दुपटीहून जास्त वेळ. कमी वापराच्या घरांसाठी एका किलोवॅटवर केंद्राच्या 30 हजारांच्या वर राज्य सरकारची वेगळी मदतही आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर महावितरणच्या कार्यालयात आधी तिची चौकशी करा, कारण या घरांत ती रक्कमच निर्णायक ठरते. गोव्यात घरगुती विजेचे दर महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी आहेत, तिथेही वसुलीला असाच जास्त वेळ लागेल. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीचे ग्राहक असाल तर दर वेगळे, पद्धत हीच.

हा हिशेब घरी करायला महिन्यांची वेगवेगळी युनिटं लागतात. बिलावर मागच्या बारा महिन्यांच्या वापराचा आलेख असतो, त्यावरून ती उतरवून घ्या. वर्षाची सरासरी घेऊन भागवू नका. वरच्या घराचीच सरासरी महिना 300 युनिटं येते, आणि त्यात 17 रुपयांचा टप्पा मुळी दिसतच नाही.

एवढं झालं की खर्चाच्या बाजूला काही रकमा वाढवाव्या लागतात. कोटेशनमधली किंमत बहुधा कमी उंचीच्या स्ट्रक्चरची असते. गच्चीवर वाळवण घालायला, झोपायला किंवा टाकी साफ करायला जागा राहावी म्हणून उंच स्ट्रक्चर हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे पडतात, आणि त्यावर अनुदान नाही. वरच्या तीन किलोवॅटच्या घरात यासाठी 20 हजार लागले तर वसुली जवळजवळ सहा महिन्यांनी लांबते. इन्व्हर्टर पॅनेलइतका टिकत नाही. दहा-बारा वर्षांत तो एकदा बदलावा लागेल असं धरून चाला. वसुलीच्या तीन वर्षांत हा खर्च येत नाही, पण '25 वर्षं फुकट वीज' या वाक्यात तो लपलेला असतो. पॅनेलची क्षमताही दरवर्षी अर्धा-पाऊण टक्क्यानं उतरते. तीन-चार वर्षांच्या हिशेबात तिचा फार फरक पडत नाही, म्हणून मी ती सोडून दिली.

व्याजाचं बरेच जण विसरतात. समजा 1 लाख 17 हजार कर्जानं उभे केले, व्याज वर्षाला 6 टक्के, आणि वाचलेले महिना साडेतीन हजार थेट हप्त्यात घातले. तर 33 महिन्यांऐवजी साधारण 36-37 महिने लागतात. स्वतःचे पैसे घातले म्हणजे व्याज नाही असं समजू नका. मुदत ठेव मोडली असेल तर तिचं व्याज बुडालंच. मात्र ठेवीच्या व्याजावर आयकर लागतो आणि वीजबिलातल्या बचतीवर लागत नाही, एवढा सोलरचा फायदा. उलट बाजूला, वीजदर दरवर्षी पाच टक्के वाढेल असं धरून काढलेले तक्ते बाजूला ठेवा. दर वाढले तर बरंच, तुमचे पैसे लवकर सुटतील. पण त्या भरवशावर खरेदी नको.

अनुदान कधी मिळतं, हेही हिशेबात येतं. आधी पूर्ण रक्कम तुम्ही भरायची. संच उभा राहतो, नेट मीटर बसतो, महावितरणची तपासणी होते, पोर्टलवर संच सुरू झाल्याची नोंद होते, आणि त्यानंतर रक्कम तुमच्या बँक खात्यात येते. एजन्सीच्या हातात ती जात नाही. म्हणून 'अनुदान आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त उरलेले द्या' असं कुणी म्हणालं, तर ते लेखी घ्या आणि शांतपणे वाचा. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्या. अर्जदार, ग्राहक आणि बँक खातं यांची नावं जुळली नाहीत की फाइल तिथेच अडकते, आणि तेवढे महिने 78 हजार रुपये तुमचेच गुंतून पडतात.

अनुदान मिळायचं तर पॅनेल देशी बनावटीची सौर सेल वापरलेली हवीत. एजन्सी त्यांना 'डीसीआर' म्हणतात. परदेशी सेलची पॅनेल स्वस्त पडतात, पण त्यांना घरगुती अनुदान नाही. एजन्सीही योजनेच्या पोर्टलवर नोंदलेली हवी. आणि संचाची क्षमता पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी जी कमी असेल ती धरली जाते. म्हणून कोटेशनवरच्या पॅनेलची संख्या आणि प्रत्येकाचे वॅट यांचा गुणाकार स्वतः करा. 540 वॅटची पाच पॅनेल म्हणजे 2.7 किलोवॅट, तीन नव्हेत. युनिटंही त्या मानानं कमी आणि अनुदानही.

बचतीला सर्वांत मोठा खड्डा सावलीनं पडतो. साध्या इन्व्हर्टरवर पॅनेल एकापुढे एक जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलवर पाण्याच्या टाकीची सावली आली की सगळ्या ओळीची वीज उतरते. एजन्सीचा माणूस दुपारी बाराला येतो तेव्हा सावली नसते. तुम्ही सकाळी नऊला आणि दुपारी चारला गच्चीवर जाऊन बघा, आणि डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा शेजारची इमारत आडवी येते का, याचाही अंदाज घ्या. दुसरी गोष्ट लाइट जाण्याची. बॅटरी नसलेला संच ग्रिड बंद पडला की स्वतःहून बंद होतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये. म्हणजे भर दुपारी दोन तास लाइट गेली तर त्या दोन तासांची वीज वाया जाते आणि घरातला पंखाही चालत नाही. जिथे दिवसा वारंवार वीज जाते, तिथे वर धरलेली 1,360 युनिटंसुद्धा जास्त ठरतील. दुपारी व्होल्टेज फार चढलं तरी इन्व्हर्टर बंद पडतो. ॲपवरचा दिवसाचा आलेख मधेच शून्याला टेकून पुन्हा वर गेलेला दिसला, तर कारण बहुधा यांपैकीच एक असतं.

संच चालू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत दोन आकडे ताडून बघा. इन्व्हर्टरच्या ॲपवर महिन्याला किती युनिटं तयार झाली ते दिसतं, आणि बिलावर ग्रिडमधून किती घेतली आणि किती दिली ते. तयार झालेल्या युनिटांतून दिलेली वजा केली की घरात थेट किती वापरली हे कळतं. त्यात घेतलेली युनिटं मिळवली की घराचा एकूण वापर निघतो, आणि तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी साधारण जुळायला हवा. तयार झालेली युनिटं उन्हाळ्यात किलोवॅटला महिना 110 च्या खाली राहिली, तर आधी पॅनेल धुऊन बघा. ती सकाळी किंवा संध्याकाळी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. तरीही आकडा वर आला नाही तर एजन्सीला बोलवा. योजनेत बसवलेल्या संचाची पाच वर्षं देखभाल करणं एजन्सीवर बंधनकारक आहे.

आणि एक. पॅनेल बसली आणि नेट मीटर यायला वेळ आहे, तेवढ्यात 'चालू करून टाकू, वीज वाया कशाला घालवायची' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. काही जुने मीटर ग्रिडमध्ये गेलेलं युनिटही वापरलेलंच म्हणून मोजतात, आणि बिल कमी होण्याऐवजी वाढतं. नेट मीटर बसेपर्यंत संच बंदच ठेवा.